ऑप्शनचा कागदी सराव: वहीत काय कळते आणि खऱ्या ऑर्डरीतच काय कळते

उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये शिफ्ट करणारी, निपाणी-संकेश्वरच्या पेठेत घरच्या दुकानावर बसणारी, खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणारी बरीच मराठी मुले आता मोबाइलवरून निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन घेतात. खरे पैसे लावण्यापूर्वी काही महिने कागदावर सराव करा, असे त्यांना सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे. अडचण त्यानंतर येते. कागदावर नफा दाखवणारी पद्धत खऱ्या खात्यात आल्यावर तोटा दाखवू लागते आणि हा तोटा नेमका कुठून आला हे कुणी मोजलेले नसते. मग पद्धतच बदलली जाते, नवी पद्धत पुन्हा कागदावर चांगली दिसते आणि खात्यात पुन्हा तेच घडते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले. त्यातल्या किती जणांनी आधी कागदी सराव केला होता हे त्या आकड्यावरून समजत नाही. मात्र माझ्याकडे वह्या घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो मनापासून केलेला असतो, म्हणून हा विषय सविस्तर लिहावासा वाटला.

येथे एकच प्रकार घेतला आहे: निफ्टीचा एक लॉट कॉल विकत घेणे, त्याला स्टॉपलॉस लावणे आणि एक्स्पायरीपूर्वी विकून बाहेर पडणे. ऑप्शन विकण्याचा सराव मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. विकणाऱ्याला कागदावर आठवडेच्या आठवडे थोडाथोडा नफा दिसत राहतो, आणि ज्या एका दिवसाचा तोटा हे सगळे पुसून टाकतो तो दिवस सरावाच्या काळात येईलच असे नसते. त्यामुळे ती वही सुरुवातीला फार फसवी ठरते.

वही कशी आखावी

ॲपमधले आभासी खाते वापरले तरी चालेल, पण त्याच्या जोडीला हाताने लिहिलेली वही ठेवावीच, कारण ॲप आपला भाव कसा धरते हे सहसा सांगत नाही. आभासी खात्यात अनेकदा दहा लाख रुपये आपोआप जमा असतात. आपल्याजवळ खरोखर चाळीस हजार असतील तर चाळीस हजारांचाच हिशेब लिहावा, नाहीतर एका लॉटचा तोटा नगण्य वाटण्याची सवय लागते.

प्रत्येक व्यवहारासाठी ऑर्डर टाकण्याच्या क्षणी पाच गोष्टी लिहाव्यात: निफ्टीचा भाव, ऑप्शनचा बिड म्हणजे घेणारा देऊ करतो तो भाव, ऑप्शनचा आस्क म्हणजे विकणारा मागतो तो भाव, शेवटचा व्यवहार झालेला भाव म्हणजे एलटीपी, आणि आयव्ही म्हणजे निफ्टी पुढे किती हलेल याचा ऑप्शनच्या किमतीत धरलेला अंदाज. एनएसईच्या संकेतस्थळावरील ऑप्शन चेनमध्ये BID, ASK, LTP आणि IV हे रकाने समोरच असतात, आणि ब्रोकरच्या ॲपमधल्या मार्केट डेप्थमध्ये वरचे पाच बिड आणि पाच आस्क दिसतात. बहुतेकांच्या वहीत फक्त एलटीपी असतो. पुढे जे सांगायचे आहे ते या एका उणिवेभोवतीच फिरते, कारण एलटीपी हा दुसऱ्या कुणाच्या तरी झालेल्या व्यवहाराचा भाव असतो आणि आपल्याला तो मिळेल याची कोणतीही हमी नसते.

व्यवहारात शिरण्यापूर्वीच स्टॉपलॉस, नफ्याचे लक्ष्य आणि कोणत्या वेळी काहीही झाले तरी बाहेर पडायचे, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्या नंतर खोडू नयेत. बदलावेसे वाटले तर बाजूला वेळ घालून नवे लिहावे आणि जुने तसेच दिसू द्यावे. याचा उपयोग शेवटी कळतो.

कागद जे खरोखर शिकवतो

ऑप्शनची किंमत निफ्टीच्या दिशेशिवाय आणखी दोन गोष्टींवर हलते: उरलेला वेळ आणि आयव्ही. ही गोष्ट कागदावर फार चांगली समजते, किंबहुना पैसे न घालवता ती समजून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. त्यासाठी एक ढोबळ सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. निफ्टीच्या भावाजवळच्या, म्हणजे ॲट-द-मनी स्ट्राइकचा प्रीमियम साधारण असा येतो:

```
P ≈ 0.4 × S × σ × √(N/252)
```

यात S म्हणजे निफ्टीचा भाव, σ म्हणजे आयव्ही (१० टक्के असेल तर 0.10) आणि N म्हणजे एक्स्पायरीपर्यंत उरलेली बाजाराची सत्रे. वर्षात सुमारे २५२ सत्रे असतात म्हणून भागाकार तेवढ्याने. हे सूत्र व्याज धरत नाही आणि स्क्रीनवरची आयव्ही वेगळ्या दिवसमोजणीने काढलेली असू शकते, त्यामुळे उत्तर तंतोतंत जुळणार नाही. पण प्रीमियम कसा वितळतो हे त्यातून स्पष्ट दिसते.

समजा निफ्टी २५,००० वर आहे, आयव्ही १० टक्के आहे, आणि गुरुवारी सकाळी आपण पुढच्या मंगळवारच्या एक्स्पायरीचा २५,००० चा कॉल बघत आहोत. गुरुवार, शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार अशी चार सत्रे उरलेली आहेत. सूत्राप्रमाणे प्रीमियम १२६ च्या आसपास येतो. निफ्टी आणि आयव्ही जागच्या जागी राहिले तर शुक्रवारी सकाळी तोच कॉल १०९ चा, सोमवारी सकाळी ८९ चा आणि मंगळवारी सकाळी ६३ चा होतो. चारपैकी तीन सत्रे जाईपर्यंत अर्धी किंमत गेली आणि उरलेली सगळी अर्धी किंमत शेवटच्या एका दिवसात जायची आहे. 'निफ्टी पडला नाही तरी माझा कॉल का पडला' हा प्रश्न नवीन माणूस सतत विचारतो. या चार आकड्यांचा तक्ता स्वतः काढून, रोज सकाळी खरा प्रीमियम त्याच्या शेजारी लिहिला, तर दोन-तीन एक्स्पायरीत त्याचे उत्तर अंगवळणी पडते.

आयव्हीचेही तसेच. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, अर्थसंकल्प किंवा निवडणुकीचा निकाल जवळ आला की आयव्ही चढते आणि घटना पार पडली की उतरते. वरच्याच उदाहरणात आयव्ही १२ असती तर प्रीमियम १५१ झाला असता. घटनेनंतर ती १० वर आली की दिशेचा काहीही संबंध नसताना २५ रुपये जातात. ॲट-द-मनी कॉल निफ्टीच्या चालीच्या साधारण निम्म्याने हलतो, म्हणजे केवळ हा खड्डा भरून निघण्यासाठी निफ्टी ५० अंकांनी वर जायला हवा. दिशा बरोबर ओळखूनही तोटा होतो तो असा. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्क्यांनी खाली बंद झाला आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला बाजारातल्या भीतीचा निर्देशांक, झपाट्याने उतरला. त्या आठवड्याचे जुने भाव मिळवून हा सराव केला तर प्रीमियममधला भीतीचा भाग केवढा होता आणि तो किती लवकर गेला हे डोळ्यांनी बघता येते.

इतके कागद शिकवतो आणि ते कमी नाही. लॉटचा गुणाकार, एक्स्पायरीचा वार, कोणता स्ट्राइक किती हलतो, हे सगळे याच काळात पक्के करून घ्यावे. लॉटचा आकार एक्स्चेंज वेळोवेळी बदलते. पुढच्या उदाहरणांत मी ७५ धरला आहे. आपल्या वहीत मात्र चालू असलेलाच लिहावा.

भाव दिसतो, मिळत नाही: फिलचा प्रश्न

आता कागद जिथे थांबतो तिथे येऊ. आपली ऑर्डर खरोखर कोणत्या भावाला पूर्ण झाली, याला ट्रेडर मंडळी फिल म्हणतात. मार्केट यार्डात सकाळी ऐकलेला दर आणि आपली गाडी लागेपर्यंत हातात पडलेला दर यांत जे अंतर असते, तसेच अंतर येथेही असते, फक्त येथे ते काही सेकंदांत पडते.

पहिले अंतर बिड आणि आस्क यांच्यामधले. निफ्टीच्या ॲट-द-मनी साप्ताहिक ऑप्शनमध्ये शांत वेळी हे अंतर काही पैशांचेच असते. त्यामुळे तेथे ते फार मनावर घेण्याचे कारण नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. पण बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटे, मोठ्या बातमीचा क्षण, निफ्टीपासून खूप आत गेलेले स्ट्राइक आणि बहुतेक शेअर्सचे ऑप्शन, येथे चित्र वेगळे असते. समजा एका शेअरच्या ऑप्शनचा एलटीपी ४३ दिसतो, बिड ४१ आहे आणि आस्क ४४.५० आहे. ४३ चा तो व्यवहार दहा मिनिटांपूर्वीचाही असू शकतो. कागदावर आपण ४३ ला घेतो आणि ४३ ला सोडतो, हिशेब शून्य. खऱ्या बाजारात लगेच घ्यायचे तर ४४.५० द्यावे लागतात आणि लगेच सोडायचे तर ४१ मिळतात. ५०० चा लॉट धरला तर शेअर जागचा न हलता १,७५० रुपये गेले. म्हणून वहीचा पहिला कडक नियम असा की, लगेच खरेदी लिहायची तर आस्कच्या भावाने आणि लगेच विक्री लिहायची तर बिडच्या भावाने. एलटीपीने कधीच नाही.

दुसरे अंतर जास्त सूक्ष्म आहे आणि माझ्या मते कागदी नफ्याचा मोठा भाग तेथेच विरतो. आपण 'खाली आल्यावर घेऊ' म्हणून १२० ची लिमिट ऑर्डर ठेवतो. कागदावर भाव १२० ला टेकला की ऑर्डर पूर्ण झाली असे लिहितो. एक्स्चेंजवर मात्र एकाच भावाच्या ऑर्डरी ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने पूर्ण होतात. १२० ला आपल्या पुढे हजारो नगांची रांग असेल आणि भाव १२० ला स्पर्श करून लगेच १४० कडे निघून गेला, तर रांगेतल्या पुढच्यांना माल मिळाला आणि आपण तसेच राहिलो. उलट भाव १२० फोडून १०५ पर्यंत कोसळला तर आपली ऑर्डर हमखास पूर्ण होते. म्हणजे जो व्यवहार लगेच नफ्यात गेला असता तो हातून निसटण्याची शक्यता अधिक आणि जो लगेच तोट्यात जाणार तो मात्र खात्रीने पदरात. कागदाच्या वहीत दोन्ही सारखेच नोंदले जातात, त्यामुळे ती वही प्रामाणिकपणे लिहूनसुद्धा सगळी एकाच बाजूला झुकते.

यावर उपाय साधा आहे. लिमिटने खरेदी केली असे वहीत तेव्हाच लिहावे, जेव्हा भाव आपल्या लिमिटच्या खाली जाऊन तेथे व्यवहार झालेला दिसतो. १२० ची लिमिट असेल तर भाव ११९.९५ ला दिसल्याशिवाय खरेदी धरू नये. मी तर आणखी थोडे खाली, ११९.५० पर्यंत थांबायला सांगतो. विक्रीच्या लक्ष्यालाही हाच नियम उलट्या दिशेने लावावा. ज्यांच्याजवळ जुनी वही आहे त्यांनी तिच्यातले सगळे लिमिट व्यवहार या नियमाने पुन्हा तपासावेत. किती नफे 'फक्त टेकून' मिळालेले होते हे पाहिल्यावर पद्धतीविषयीचे मत बदलू शकते.

तिसरे अंतर स्टॉपलॉसचे, आणि ते सर्वांत महागात पडते. एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनसाठी SL-M, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारी ऑर्डर बंद केली. तेव्हापासून ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस लावायचा तर ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव द्यावे लागतात. ट्रिगर लागला की आपली ऑर्डर बाजारात जाते, पण लिमिटपेक्षा कमी भावाला ती विकली जाणार नाही. कागदाला हे दुसरे बंधन ठाऊकच नसते. १०६ चा स्टॉपलॉस म्हणजे १०६ ला बाहेर, इतकेच तो लिहितो.

वरचाच कॉल पुढे नेऊ. गुरुवारी १२६ ला घेतला, ट्रिगर १०६, लिमिट १०५. समजा शुक्रवारी सकाळी १० वाजता पतधोरण जाहीर होणार आहे आणि त्याआधी कॉल ११२ वर आहे. पहिल्या वाक्यांनीच निफ्टी झटक्यात खाली येतो. कॉलचा ११२ नंतरचा पुढचा व्यवहारच १०१ ला होतो, मधल्या भावांना कुणी घेणाराच नसतो. ट्रिगर लागला, आपली विक्रीची ऑर्डर १०५ ला जाऊन बसली, पण घेणारे १०१ ला उभे आहेत. ऑर्डर पडून राहते आणि भाव ८८ पर्यंत जातो. वहीत तोटा २० रुपये, म्हणजे ७५ च्या लॉटला १,५०० लिहिलेला असतो. खऱ्या खात्यात कॉल अजून आपल्याच गळ्यात असतो आणि तोटा ३८ रुपये, म्हणजे २,८५० दिसत असतो.

येथे लिमिट आणि ट्रिगर यांत जास्त अंतर ठेवले असते तर काय झाले असते? ट्रिगर १०६ आणि लिमिट ९८ असती, तर १०१ ला ट्रिगर लागताच ऑर्डर त्या क्षणी समोर असलेल्या सर्वांत चांगल्या बिडला, म्हणजे १०१ च्या जवळपास विकली गेली असती. लिमिट ९८ आहे म्हणून ९८ लाच विकले जाते असा अनेकांचा समज आहे आणि त्या भीतीने ते लिमिट ट्रिगरला चिकटवून ठेवतात. लिमिट ही फक्त तळरेषा असते. १०१ ला बाहेर पडल्यास तोटा २५ रुपये, म्हणजे १,८७५. कागदापेक्षा जास्त, पण अडकून पडण्यापेक्षा पुष्कळ कमी. भाव थेट ९८ च्याही खाली उघडला तर हाही उपाय कामाचा नाही, तेव्हा हाताने लिमिट खाली आणावी लागते. म्हणून वहीत स्टॉपलॉसचा भाव ट्रिगरने लिहू नये, ट्रिगर लागल्यानंतर प्रत्यक्ष दिसलेल्या बिडने लिहावा, आणि मोठ्या घोषणेच्या वेळी तर त्याहूनही खालचा धरावा.

पावसाळ्यात करंट आणि नेटवर्क दोन्ही जाण्याचा अनुभव खानापूर तालुक्यातल्या वाचकांना सांगायला नको. स्टॉपलॉस मनात ठेवण्याऐवजी एक्स्चेंजवर ऑर्डर म्हणून लावलेला असावा आणि ब्रोकरच्या फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या विभागाचा नंबर त्याच वहीत लिहिलेला असावा, याचे हेही एक कारण आहे.

खर्चाचा रकाना

हा भाग छोटा आहे, पण सोडता येत नाही. १२६ ला घेऊन १३० ला विकले तर ७५ च्या लॉटला कागदावर ३०० रुपये नफा दिसतो. प्रति ऑर्डर २० रुपये ब्रोकरेज धरले तर दोन्ही बाजूंचे ४०. विक्रीच्या प्रीमियमवर एसटीटी, म्हणजे शेअर बाजारातल्या व्यवहारावरचा सरकारी कर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का करण्यात आला होता, त्या दराने सुमारे १० रुपये. त्यावर एक्स्चेंजचे शुल्क, ब्रोकरेज आणि शुल्क यांवरचा जीएसटी आणि किरकोळ स्टॅम्प ड्युटी. सगळे मिळून ६५ रुपयांच्या आसपास जातात. हे दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या काँट्रॅक्ट नोटवरूनच घ्यावेत. एका लॉटला जवळजवळ एक रुपया प्रीमियम निव्वळ खर्चात जातो असे धरले की, दोन-तीन रुपयांसाठी दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करणाऱ्या पद्धती वहीतच बाद होतात.

भीती कागदावर का येत नाही

उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवणारा एक तरुण कागदाची वही अतिशय नेटकी लिहीत असे. ठरवलेला स्टॉपलॉस लागला की मुकाट्याने तोटा लिहायचा, लक्ष्य आले की नफा लिहायचा. पहिला खरा लॉट १२६ ला घेतला तेव्हा तो माझ्याकडेच बसला होता. कॉल ११० वर आला, मग १०८ वर. ट्रिगर १०६ होता. त्याने ऑर्डर उघडली, ट्रिगरच्या चौकटीत १०६ खोडून ९६ टाकले आणि बोट बदलाच्या बटणावर तसेच धरून ठेवले. दाबले नाही, काढलेही नाही. भाव १०७.४० वर आला आणि त्याने दाबले. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाला, "कागदावर हा एसएल मी एकदाही हलवलो नव्हतो, काका." मी विचारले, "बाजारात आत्ता असे काय नवीन घडले, की १०६ चा ९६ झाला?" त्याने पुन्हा चार्ट बघितला आणि म्हणाला, "बाजारात काहीच नाही."

एका लॉटची ९,४५० रुपयांची रक्कम त्याच्या महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा होती, म्हणजे पडद्यावरचे २० रुपये त्याच्या दृष्टीने दोन-तीन दिवसांची शिफ्ट होते. कागदावर तोटा लिहिताना त्यातले काहीच जात नाही, त्यामुळे नियम पाळण्याला काही किंमतच पडत नाही. जे पाळायला किंमत पडत नाही त्याचा सराव कितीही केला तरी तो त्या प्रसंगी उपयोगी येत नाही. यात त्या तरुणाचा स्वभाव कमकुवत होता असे मला मुळीच वाटत नाही.

भीतीची रूपेही ठराविक असतात आणि ती वहीत ओळखता येतात. स्टॉपलॉस खाली सरकवणे हे एक. नफ्यातला कॉल थोडा मागे आला की लक्ष्यापूर्वीच विकून टाकणे हे दुसरे, आणि हे जास्त वेळा घडते, कारण विकल्यावर बरे वाटते. नुकत्याच झालेल्या तोट्यामुळे पुढचा नियमात बसणारा व्यवहार न घेणे हे तिसरे. हे तर कुठेच नोंदले जात नाही, म्हणून न घेतलेला व्यवहारही वहीत लिहावा लागतो. तोटा भरून काढण्यासाठी लगेच दोन लॉट घेणे हे चौथे रूप, ज्यात भीतीच धाडसाचा आव आणते.

दोन वह्या शेजारी शेजारी

भीती कागदावर शिकता येत नाही, पण मोजता मात्र येते. त्यासाठी कागदी सराव बंद करून खऱ्या व्यवहाराकडे जाऊ नये. दोन्ही एकत्र चालू ठेवावेत. पूर्ण बुडाला तरी घरखर्च अडणार नाही इतक्याच पैशांत एक खरा लॉट घ्यावा, आणि त्याच क्षणी तोच व्यवहार कागदावरही सुरू करावा. एका लॉटएवढी रक्कमही तशी बाजूला नसेल, तर ही पायरी पुढे ढकलावी. कागदी व्यवहार शेवटपर्यंत लिहिलेल्या नियमांनीच चालवावा, खऱ्या खात्यात आपण काहीही केले तरी. संध्याकाळी दोन्हींतला फरक तीन खान्यांत वाटावा: फिल, खर्च आणि हात. हात म्हणजे नियम सोडून आपण स्वतः जे केले त्याचा परिणाम.

एक व्यवहार पूर्ण मांडून बघू. नियम: १२६ ला खरेदी, स्टॉपलॉस १०६, लक्ष्य १५६. कागदी वहीत पुढे १५६ च्या वर व्यवहार झाला, म्हणून नफा ३० रुपये, लॉटला २,२५०. प्रत्यक्षात खरेदी १२६.४० ला झाली. कॉल १४५ पर्यंत गेला, मागे फिरला, आणि १३८ ला घाबरून विकला. ११.६० रुपये, म्हणजे ८७० मिळाले, त्यातून खर्च ६६ जाऊन ८०४ उरले. कागद आणि खाते यांत १,४४६ रुपयांचा फरक पडला. त्यातले ४० पैसे फिलचे, म्हणजे ३० रुपये. खर्चाचे ६६. आणि १५६ ऐवजी १३८ ला विकल्याचे १८ रुपये, म्हणजे १,३५०, सगळे हाताच्या खान्यात. हाच व्यवहार करणारा बहुतेकदा म्हणतो की ऑप्शनमध्ये स्लिपेज फार आहे. येथे स्लिपेज ३० रुपये होते.

हाताचा खाना कधी कधी फायद्याचाही येतो. १३८ ला विकल्यानंतर कॉल १०६ पर्यंत कोसळला असता तर हाताने पैसे वाचवले असते. म्हणून एका व्यवहारावरून काही ठरवू नये आणि चिन्हासह सगळे आकडे लिहावेत. किमान वीसएक खऱ्या व्यवहारांची बेरीज झाली की तिन्ही खाने आपापले बोलू लागतात. फिलचा खाना सर्वांत मोठा असेल तर स्ट्राइक, वेळ किंवा ऑर्डरीचा प्रकार बदलायला हवा: उघडण्याची मिनिटे टाळणे, शेअरऐवजी निफ्टी घेणे, ट्रिगर-लिमिटमधले अंतर वाढवणे. खर्चाचा मोठा असेल तर व्यवहारांची संख्या कमी करावी. हाताचा खाना मोठा आणि उणे असेल तर नवीन इंडिकेटर शोधून काहीही साधणार नाही. तेथे रक्कम कमी करावी, एका लॉटपेक्षा खाली जाता येत नसेल तर कमी प्रीमियमचा स्ट्राइक घ्यावा, किंवा स्टॉपलॉस आणि लक्ष्य दोन्हींच्या ऑर्डरी एकत्र लावून पडद्यापासून दूर जावे. ज्या ब्रोकरकडे एक ऑर्डर लागली की दुसरी आपोआप रद्द होते त्यांच्याकडे हे सोपे जाते. नसेल तर दोन्ही स्वतंत्रपणे लावू नयेत, कारण दोन्ही लागल्या तर आपल्या नकळत एक लॉट उलटा विकला जातो.

कमी प्रीमियमचा स्ट्राइक घेताना एक काळजी घ्यावी. निफ्टीपासून दूरचा कॉल स्वस्त असतो म्हणून भीती कमी वाटते, पण त्याचा वितळण्याचा वेग आणि बिड-आस्कमधले अंतर प्रीमियमच्या मानाने जास्त असते. हाताचा खाना सुधारलेला दिसताना फिलचा खाना बिघडत तर नाही ना, हे दर आठवड्याला पाहावे लागते.

एका लॉटवरून दोन लॉटवर जाताना जुन्या बेरजा पुढे नेऊ नयेत. नवे पान काढून तिन्ही खाने शून्यापासून सुरू करावेत. निफ्टीच्या ॲट-द-मनी ऑप्शनमध्ये दोन लॉटने फिल फारसा बदलत नाही, खर्चातले ब्रोकरेज प्रति ऑर्डर असल्यामुळे ते उलट लॉटमागे थोडे कमीच पडते. बदलतो तो हाताचा खाना, आणि किती बदलतो हे त्या नव्या पानावरचे वीसएक व्यवहार झाल्याशिवाय समजत नाही. त्या तरुणाची वही सध्या याच टप्प्यावर आहे. एका लॉटच्या पानावर त्याचा हाताचा खाना हळूहळू शून्याजवळ आला, आणि दोन लॉटच्या पहिल्या चार ओळींतच तो पुन्हा उणे झाला. त्याने एका लॉटवर परत जायचे ठरवले आहे.